नळ, विहीर आणि तळे

गेल्या महिन्यात नंदगडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. खानापूर तालुक्यातील, १८३१ साली संगोळ्ळी रायण्णा जेथे फासावर गेले, तेच हे नंदगड. पत्रात मजकूर असा : त्यांची नववीतील कन्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नळ, विहीर व तळे या तीन पाण्यांचा सामू आणि कठिणता पाहण्याचा प्रयोग करीत आहे. तिने संध्याकाळी तीन बाटल्या भरल्या, रात्रभर घरी ठेवल्या, सकाळी सायकलच्या पिशवीत घालून शाळेत नेल्या आणि सामू दाखविणाऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडविल्या. तिन्हींचा रंग जवळजवळ एकच आला, सात आणि आठ यांच्या मध्ये कोठेतरी. 'तुलनात्मक अभ्यास' असे मोठ्या अक्षरांत लिहून तयार ठेवलेल्या तक्त्यात तीन रकाने, आणि तिन्हींत एकच आकडा! तेव्हा शाळेतील कोणी तिला सुचविले की, तळ्याचे पाणी घाण असते, ते आम्ल दाखव. विहिरीचे जड असते, ते कठीण दाखव. परीक्षक काही तळ्यावर जाऊन पाहणार नाहीत. मुलीने तसे लिहावयास नकार दिला आणि आता ती प्रयोगच सोडावयास निघाली आहे. आईने विचारले आहे, मुलीचे चुकले कोठे?

आमचे उत्तर असे की, तिचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त विहिरीचा नव्हता, बाटलीचा होता. आणि ज्यांनी तिला 'बरोबर' आकडे सुचविले, त्यांचे दोन्ही अंदाज तिच्या गावी साफ उलटे पडण्याचा संभव आहे. म्हणून प्रयोग सोडू नये, नव्याने आखावा. तो कसा आखावा हे आम्ही येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण असे पत्र उद्या दुसऱ्या घरातूनही येईल.

प्रथम सामूचा विचार करू. सामू म्हणजे ज्याला पाठ्यपुस्तकात पीएच म्हणतात तो. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यनिर्मितीगृहाच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी आखली. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. या पट्टीवर एक घर खाली उतरणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे, हे विसरू नये. सहा आणि सात हे आकडे दिसावयास शेजारी असले तरी त्यांतले अंतर मोठे आहे.

पावसाचे पाणी मातीत मुरते तेव्हा झाडांची मुळे व मातीतील सूक्ष्म जीव जो कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, तो त्यात विरघळतो. सोड्याच्या बाटलीत असतो तोच हा वायू, येथे अर्थातच पुष्कळ कमी. पाण्यात विरघळला म्हणजे त्याचे सौम्य आम्ल होते. जमिनीच्या पोटात हा वायू कोंडलेला असतो. पाणी पोहऱ्यातून वर येऊन हवेला लागले की तो हळूहळू निसटतो, आणि तो निसटला की सामू वर चढतो. सोड्याची उघडी बाटली सकाळी बेचव लागते, त्याचे कारण हेच. म्हणजे विहिरीवर सहा असलेला सामू अर्धवट भरलेल्या, रात्रभर ठेवलेल्या आणि सायकलवर हिंदकळलेल्या बाटलीत साडेसात होणे यात नवल काहीच नाही. नळाचे आणि तळ्याचे पाणीही हवेशी हळूहळू तडजोड करीत त्याच सुमारास येऊन थांबते, आणि एकेका अंकाचा फरक कसाबसा दाखविणाऱ्या पट्टीला ती तिन्ही सारखीच दिसतात.

यावरून प्रयोगाचा पहिला नियम ठरतो : सामू पाण्याच्या काठावर मोजावयाचा, पाणी काढल्यापासून दोन-चार मिनिटांत. विहिरीतून आधी चार-पाच पोहरे काढून ओतून द्यावे, मग आलेल्या पाण्याने भांडे तीनदा विसळून त्यात पाणी घ्यावे. कागदी पट्टी येथे फारशी कामाची नाही. ज्या पाण्यात क्षार थोडे, त्यात पट्टीचा रंग फार सावकाश येतो आणि फसवितो. त्यापेक्षा शाळेतील वैश्विक दर्शकाचे द्रव रूप घ्यावे. परीक्षानळीत दहा मिलिलिटर पाणी, त्यात डब्यावर लिहिले असतील तितकेच थेंब, आणि नळीमागे पांढरा कागद धरून रंग पाहावा. आजकाल खिशात मावेल असे पेनासारखे सामूमापकही मिळते. ते असल्यास उत्तम, पण त्याच दिवशी सकाळी ४ आणि ७ सामूच्या प्रमाण द्रावणांत बुडवून ते नीट लावून घेतले पाहिजे. हलक्या पाण्यात त्याचा आकडा बराच वेळ सरकत राहतो; तो थांबेपर्यंत उतावळेपणा करू नये.

तळ्याची गोष्ट याहून मजेची आहे. तळ्यातले शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात हाच वायू खातात, म्हणून दुपारपर्यंत सामू चढत जातो. रात्री त्याच वनस्पती आणि इतर जीव श्वासाने तो वायू परत सोडतात, म्हणून पहाटे सामू उतरलेला असतो. हिरव्यागार तळ्यात सकाळी सात आणि दुपारी साडेआठ किंवा नऊसुद्धा आढळतो. तेव्हा 'तळ्याचा सामू' असा एक आकडा नसतोच, 'सकाळी सहाचा' आणि 'दुपारी तीनचा' असे निदान दोन असतात. घाण पाणी म्हणजे आम्ल पाणी, हा समज येथेच गळून पडतो. पुष्कळदा दुपारचे तळेच तिघांत सर्वांत अल्कली निघते. पाणी घाटावर कपडे धूत असतील तेथले घेऊ नये, साबणाने सगळाच हिशेब बिघडतो. काठापासून थोडे दूरचे, कोपरभर खोलीवरचे घ्यावे. आणि तळ्यावर वा विहिरीवर मुलीने एकटीने जाऊ नये, सोबत घरचे मोठे माणूस हवे. एवढी सूचना आईला करावी लागू नये, पण केली.

नळाविषयी मात्र एक प्रश्न आधी विचारून घ्यावा लागतो : नळात पाणी येते कोठून? नळ हा पाण्याचा उगम नाही, ती नुसती वाट आहे. गावोगावी नळयोजनेची टाकी कोठे नदीच्या पाण्याने भरते, कोठे कूपनलिकेच्या, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात एकीच्या व पावसाळ्यात दुसऱ्याच्या. पंप चालविणाऱ्या गृहस्थाला विचारले की खरे कळते. हे न विचारता 'नळ विरुद्ध विहीर' असा तक्ता मांडणे म्हणजे कदाचित खोल विहिरीशी उथळ विहिरीचीच तुलना करणे होय. शिवाय टाकीत ब्लीचिंग पावडर नुकतीच टाकलेली असेल तर तिच्यातील क्लोरीन दर्शकाचा रंगच उडविते. रंग येऊन फिका पडत असेल तर हेच कारण समजावे, आणि पाण्यात हायपोचा, म्हणजे पूर्वी छायाचित्रकार वापरीत त्या क्षाराचा, लहानसा कण टाकून मग दर्शक घालावा. नळ दोन मिनिटे वाहू देऊन नंतरचे पाणी घ्यावे, हे सांगणे नलगे.

आता कठिणता. जुन्या पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन असे नेमके नाव होते : ज्याला फेस येत नाही ते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून दह्यासारखा पांढरा साका करतात, आणि ते संपेपर्यंत फेस धरत नाही. या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि बंबात पांढरे पुट बसते, हे आमच्या भगिनींना प्रयोगशाळेवाचून ठाऊक आहे. साबणाने कठिणता मोजण्याची युक्ती स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ साली काढली, आणि नववीच्या मुलीला ती आजही पुरते.

कपडे धुण्याच्या खऱ्या साबणाचा कीस एक ग्रॅम घेऊन शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात कोमट करून विरघळवावा. डिटर्जंटची वडी किंवा भुकटी चालणार नाही. तिला कठीण पाण्यातही फेस येतो, ती त्यासाठीच केलेली असते. बुचाच्या बाटलीत ५० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून प्रत्येक वेळी पंधरा सेकंद हलवावे. बाटली आडवी ठेवल्यावर फेसाची अखंड साय दोन मिनिटे टिकली की थांबावे आणि किती द्रावण लागले ते लिहावे. हेच ऊर्ध्वपातित पाण्यावर करून जे लागेल ते प्रत्येकातून वजा करावे.

येथे एक खोच आहे, आणि सामूशी तिचे नाते आहे. पाण्यातला तो कोंडलेला वायू, म्हणजे त्याचे आम्ल, साबणही खातो. म्हणून विहिरीचे ताजे पाणी साबणाने तपासले तर ते आहे त्याहून कठीण भासते. उपाय सोपा : कठिणतेसाठी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पंधरा-वीस वेळा उंचावरून ओतून, हवा खाऊ देऊन मग घ्यावे. सामूसाठी ताजे पाणी आणि कठिणतेसाठी शिळे, असा हा उलटा न्याय आहे. फार कठीण पाणी बाटलीत ठेवले असता तळाशी पांढरा थर दिसला, तर मात्र तेवढी कठिणता पाण्यातून उतरली असे समजून नवे पाणी आणावे.

साबणाचे मिलिलिटर म्हणजे अजून कठिणता नव्हे. त्यासाठी एक माहितीचे पाणी लागते. ते शाळेत किंवा जवळच्या महाविद्यालयात ईडीटीएच्या अनुमापनाने मिळवावे. ईडीटीएचा डायसोडियम क्षार ३.७२ ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण करावे. शंकूपात्रात ५० मिलिलिटर नळाचे पाणी, त्यात अमोनियाचे बफर द्रावण एक मिलिलिटर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट घालावी. पाणी द्राक्षाच्या रसासारखे तांबडे होते. मग ब्युरेटमधून ईडीटीए सोडावे, शेवटी थेंबाथेंबाने, आणि तांबड्याची शेवटची छटा जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबावे. लागलेल्या मिलिलिटरांना २० ने गुणले की एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कठिणता ते मिळते. हा हिशेब कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मांडण्याची रीत आहे. अमोनियाचा वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवावी. निळा रंग स्पष्ट न येता मळकट जांभळाच राहिला, तर पाण्यात लोह आहे का हे शिक्षकांकडून पाहून घ्यावे.

एक उदाहरण सोडवून दाखवितो. यातील आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, ते नंदगडचे नव्हेत, आणि कन्येने ते उतरवून तर मुळीच घेऊ नयेत. समजा, नळाच्या ५० मिलिलिटर पाण्याला ईडीटीए ८.४ मिलिलिटर लागले. ८.४ गुणिले २०, म्हणजे कठिणता १६८. आता त्याच नळाच्या पाण्याला साबण ६.० मिलिलिटर लागला आणि ऊर्ध्वपातित पाण्याला ०.६. वजा जाता ५.४. म्हणजे साबणाचा एक मिलिलिटर बरोबर सुमारे ३१ कठिणता. विहिरीला १.९ लागला, ०.६ वजा जाता १.३, म्हणून कठिणता सुमारे ४०. तळ्याला २.७, वजा जाता २.१, म्हणून सुमारे ६५. पिचकारीवर ०.१ ची चूक सहज होते, म्हणजे तीन कठिणतेचा फरक. तेव्हा ४० च्या जागी ४०.४ लिहिणे हा केवळ देखावा होईल. आपला साबण भरवशाचा आहे की नाही हेही पाहता येते : नळाचे पाणी निम्मे आणि ऊर्ध्वपातित निम्मे असे मिसळून तपासावे, वजाबाकीनंतर साबण निम्माच लागला पाहिजे. न लागल्यास हात किंवा साबण, दोहोंपैकी एक चुकतो आहे.

या उदाहरणात आम्ही विहीर हलकी आणि नळ जड दाखविला, तो मुद्दाम. सामू आणि कठिणता या दोन निराळ्या गोष्टी म्हणून तक्त्यात शेजारी मांडल्या जातात, पण विहिरीच्या पोटात त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. मातीतून आम्ल होऊन आलेले पाणी खडकाला लागते. खडकात कॅल्शियम-मॅग्नेशियम देण्याजोगे असले तर आम्ल ते विरघळविते. त्यात आम्ल खर्ची पडते आणि पाणी कठीण होते. म्हणून काळ्या कातळाच्या आणि काळ्या मातीच्या मुलखात, उदाहरणार्थ निपाणीकडे, विहिरीचे पाणी बहुधा जड, आणि सामू सातच्या वर. जांभ्याची तऱ्हा याच्या उलट. जांभा म्हणजे हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेला दगड. त्यातले विरघळण्याजोगे ते केव्हाच वाहून गेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे राहिले. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील हा दगड विटांसारखा कापतात असे पाहून त्याला विटेवरून लॅटिन नाव दिले. अशा दगडातून आलेल्या पाण्यातले आम्ल खर्चच होत नाही. पाणी हलके राहते आणि सामू सातच्या खाली. कोकण-गोव्यातील जांभ्याच्या विहिरी अशाच आहेत, आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पावसाळी पट्ट्यात तांबडी माती व जांभा विपुल आहेच.

म्हणून कन्येने सर्वांत आधी विहिरीच्या कठड्यावरून आत डोकावून (आईने धरून ठेवून) दगड कोणता ते पाहावे आणि वहीत लिहावे : तांबडा, भोकाभोकांचा जांभा, की काळा कातळ? मग पाणी मोजण्यापूर्वीच आपला अंदाज तारखेसह लिहून ठेवावा. आणि निपाणीकडे कोणी नातलग असल्यास त्यांच्या विहिरीची एक काठोकाठ भरलेली बाटली मागवावी. तिचा सामू प्रवासात भरवशाचा राहणार नाही, तो लिहूच नये. कठिणता मात्र बहुतांशी टिकून येईल. नंदगडच्या बाटलीशेजारी ती ठेवली की साबणच बोलेल.

प्रत्येक पाणी निदान तीन निरनिराळ्या दिवशी घ्यावे. वेळ, पाण्याची उष्णता आणि आदल्या दिवशी पाऊस झाला का, हे लिहावे. ग्रामपंचायतीकडे विचारपूस करावी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावांना पाणी तपासण्याच्या पेट्या देऊन तेथील स्त्रियांना त्या वापरण्याचे शिक्षण दिले गेले, त्यांत सामू आणि कठिणता दोन्ही येतात. गावात अशी पेटी असल्यास आपले आकडे तिच्याशी ताडून पाहावेत. तक्त्यावर मराठीखाली कन्नड नावेही घालावीत, नल्ली, बावी, केरे. तालुक्याच्या परीक्षकांना सोयीचे होईल, आणि 'बावी' ही आपल्या 'बाव'चीच सख्खी बहीण आहे हेही कोणाच्या ध्यानात येईल.

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा आणि कठिणता २०० पर्यंत. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. विहिरीचा सामू सहा निघाला तर आजीबाईंनी घाबरण्याचे कारण नाही, पण असे पाणी पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात दिवसभर साठवू नये. ते धातू उतरविते, आणि भांड्याच्या काठाला हिरवट रेघ उमटते ती त्याचीच. उलट, सामू आणि कठिणता दोन्ही मर्यादेत आली म्हणून पाणी निर्मळ ठरत नाही. रोगजंतूंविषयी हे दोन आकडे एक अक्षरही सांगत नाहीत. तेव्हा तक्त्यावर 'शुद्ध' हा शब्द कोठेही येऊ देऊ नये.

राहिले प्रदर्शनाचे मेज. परीक्षक तळ्यावर जाणार नाहीत हे खरेच. तर विहीर त्यांच्यापुढे आणावी. त्या दिवशी सकाळी काचेची बाटली विहिरीवर पाण्याखाली धरून, आत हवेचा बुडबुडा न राहील अशी काठोकाठ भरावी आणि पाण्यातच बूच लावावे. परीक्षकांसमोर ती उघडून पाणी पेल्यात ओतावे व ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब टाकावे. सामू सहाच्या आसपास असेल तर पाणी पिवळे होईल. मग दोन पेले घेऊन ते पाणी इकडून तिकडे ओतीत राहावे. ओतता ओतता पिवळ्याचे हिरवे होऊ लागले, तर ते आम्ल वायूचेच होते. वीस-तीसदा ओतूनही पिवळे ते पिवळेच राहिले तर आमचा तर्क त्या विहिरीपुरता चुकला. आम्लता दुसऱ्या कशाची आहे, आणि कन्येने तक्त्यावर तसेच लिहावे.